वीजघराच्या तोंडाशी थबकलेले सामन : गेट्स क्रीकच्या परतीच्या वाटेचे एक प्रकरण

सामन मासा समुद्रात काही वर्षे काढून आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतो, हे सर्वांना ऐकून माहीत असते. तो नेमका कशाच्या आधारे येतो आणि त्या आधारात थोडा बिघाड झाला तर काय होते, हे मात्र एखाद्या विशिष्ट ठिकाणी उभे राहून पाहिल्याशिवाय नीट समजत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सीटन नदी हे असे एक ठिकाण आहे. तेथे 1956 साली बांधलेल्या एका लहानशा धरणामुळे सामनच्या घराचे पाणी दोन वेगवेगळ्या तोंडांनी मोठ्या नदीत पडू लागले. त्या दोन तोंडांपैकी मासे कोणते निवडतात, याचा पुढे काही दशके अभ्यास झाला. जाणूनबुजून मांडला असता तरी इतका बोलका प्रयोग क्वचितच जमला असता.

प्रकरण समजण्यासाठी आधी पाण्याची वाट लक्षात घ्यावी लागते. गेट्स क्रीक हा ओढा अँडरसन सरोवराला मिळतो. अँडरसन सरोवराचे पाणी पोर्टेज क्रीक या छोट्या दुव्यातून सीटन सरोवरात उतरते आणि सीटन सरोवरातून निघणारी सीटन नदी लिलुएट गावाजवळ फ्रेझर या महानदीला मिळते. हा स्टॅटलियम या आदिवासी समाजाचा मुलूख असून येथील मासेमारी त्यांच्या जगण्याचा भाग आहे. फ्रेझर पुढे दक्षिणेकडे आणि मग पश्चिमेकडे वळून व्हँकुव्हर शहराजवळ समुद्राला मिळते. गेट्स क्रीकमध्ये जन्मलेल्या सॉकाय जातीच्या सामनला परतताना ही सगळी वाट उलट चढावी लागते आणि समुद्रापासून ओढ्यापर्यंतचे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक भरते.

धरण सीटन सरोवराच्या तोंडाजवळ आहे. ते उंच नाही, मोठा जलाशय अडवून ठेवणारेही नाही. सरोवराचे बरेचसे पाणी एका कालव्यात वळवून फ्रेझरच्या काठावरील वीजघराकडे नेणे एवढेच त्याचे काम आहे. टर्बाइनमधून गेलेले हे पाणी वीजघराच्या खालून थेट फ्रेझरमध्ये पडते आणि त्या निर्गम प्रवाहाला टेलरेस म्हणतात. उरलेले पाणी धरणातून जुन्या नदीपात्रात सोडले जाते, पण त्या पात्रात वाटेत कायूश क्रीक हा दुसऱ्या खोऱ्यातून आलेला ओढा मिसळतो. म्हणजे सीटन नदीच्या मुखातून फ्रेझरमध्ये येणारे पाणी भेसळीचे, तर वीजघरातून येणारे पाणी निव्वळ सरोवराचे असते. शिवाय टेलरेस नदीमुखाच्या सुमारे अर्धा किलोमीटर खाली असल्यामुळे फ्रेझर चढत येणाऱ्या माशाला आधी टेलरेस भेटते आणि नदीचे मुख नंतर. टेलरेसमधून वर जाण्याची वाट नाही, कारण पुढे फिरणारी टर्बाइन आहेत. वर जाणारी खरी वाट मुखातूनच आहे.

मासा येथपर्यंत कसा पोहोचतो

गेट्स क्रीकचा सॉकाय वसंत ऋतूत ओढ्याच्या खडीतून बाहेर पडतो आणि लवकरच सरोवरात उतरतो. तेथे साधारण एक वर्ष वाढून पुढच्या वसंतात तो समुद्राकडे निघतो. निघण्याआधी त्याच्या शरीरात मोठा बदल होतो. अंगावरचे पट्टे जाऊन चंदेरी रंग येतो, कल्ल्यांच्या पेशी खाऱ्या पाण्यासाठी तयार होऊ लागतात आणि थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक रक्तात वाढते. या अवस्थेतील पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. याच काळात आसपासच्या पाण्याच्या वासाचा ठसा त्याच्या घ्राणेंद्रियावर आणि मेंदूवर उमटतो. सॉकायच्या बाबतीत एक अडचण अशी की तो ज्या ओढ्यात जन्मतो तेथे वाढत नाही. स्मोल्ट होईपर्यंत तो सरोवरात राहिलेला असतो. म्हणून केवळ शेवटच्या टप्प्यावरील ठसा त्याला सरोवरापर्यंतच आणू शकेल. नियंत्रित प्रयोगांतून असे दिसले आहे की सॉकाय भ्रूणावस्थेतही वास शिकतो आणि स्मोल्ट होतानाही शिकतो. याचा अर्थ त्याच्याकडे वासांची एक क्रमवार साखळी असते आणि परतताना तो ती शेवटच्या कडीपासून उलट मोजत येतो.

समुद्रात हा मासा उत्तरेकडे किनाऱ्याने जाऊन अलास्काच्या आखातात पोहोचतो आणि बहुधा दोन हिवाळे तेथे काढतो. इतक्या दूरवर ओढ्याचा वास पोहोचणे शक्य नाही. तेथून किनाऱ्याकडे परतताना त्याला दुसरे काहीतरी लागते आणि ते पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र असावे याला फ्रेझरच्याच सॉकायने चांगला पुरावा दिला. फ्रेझरच्या मुखासमोर व्हँकुव्हर बेट आडवे पडलेले आहे. त्यामुळे परतणाऱ्या माशांना बेटाच्या उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून आत यावे लागते आणि कोणत्या वर्षी किती मासे कोणत्या बाजूने आले याची मासेमारीतून मिळालेली नोंद अनेक दशके ठेवलेली आहे. नेथन पुटमन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 56 वर्षांच्या या नोंदी तपासल्या. पृथ्वीचे क्षेत्र दरवर्षी किंचित सरकत असते. मासे ज्या वर्षी नदी सोडून गेले त्या वर्षी नदीच्या मुखाशी क्षेत्राची जी तीव्रता होती, तिच्याशी परतीच्या वर्षी ज्या प्रवेशद्वाराची तीव्रता अधिक जुळत होती, त्या बाजूने अधिक मासे आले. समुद्राचे तापमानही निवडीवर परिणाम करते, उष्ण वर्षांत उत्तरेची वाट अधिक घेतली जाते, पण तो परिणाम वेगळा काढल्यावरही चुंबकीय खूण उरली. पिल्लू निघताना मुखाच्या जागेची चुंबकीय खूण लक्षात ठेवते आणि दोन वर्षांनी तिच्याकडे परत येते, असा याचा सरळ अर्थ आहे.

ही खूण माशाला किनाऱ्यापर्यंत आणते, ओढ्यापर्यंत नाही. फ्रेझरचे खोरे अवाढव्य आहे आणि त्यातील शेकडो उपनद्यांपैकी एकच निवडण्याइतकी बारीक माहिती चुंबकीय क्षेत्रात नसते. तेथून पुढचे काम नाकाकडे जाते. आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील इसाक्वा क्रीकच्या दोन फाट्यांत परतलेले सुमारे तीनशे कोहो सामन पकडून फाट्याच्या खाली पुन्हा सोडले आणि त्यांपैकी निम्म्यांच्या नाकपुड्या बंद केल्या. नाक मोकळे असलेल्या माशांपैकी बहुतेकांनी आपलाच फाटा पुन्हा निवडला. नाक बंद केलेले मासे जणू कौल लावल्यासारखे कोणत्याही फाट्यात गेले. पुढे 1970 च्या दशकात मिशिगन सरोवरात याहून नेटके काम झाले. पैदास केंद्रातील पिल्लांना स्मोल्ट अवस्थेत मॉर्फोलिन किंवा फिनेथिल अल्कोहोल या रसायनाच्या अत्यंत सौम्य द्रावणात काही आठवडे ठेवले आणि सरोवरात सोडले. दीड वर्षानंतर दोन वेगवेगळ्या ओढ्यांत ही दोन रसायने थेंबथेंब सोडल्यावर पकडलेल्या माशांपैकी बहुतेक आपापल्या रसायनाच्या ओढ्यात सापडले. ही रसायने त्या माशांच्या जन्माशी काहीही संबंधित नव्हती. त्यामुळे वासाची ओळख वंशातून आलेली नसून शिकलेली आहे, हे ठरले.

दोन तोंडांपुढील निर्णय

लिलुएटजवळ फ्रेझर चढणाऱ्या माशाला घरचे पाणी फार पातळ स्वरूपात मिळते. मोठ्या नदीच्या एकूण प्रवाहात सीटनचे पाणी शंभर भागांत काही मोजकेच भाग असते. मात्र उपनदीचे पाणी मिळाल्याबरोबर एकजीव होत नाही. ते बरेच अंतर आपल्याच काठाला धरून वाहते. काठाजवळ प्रवाहाचा वेग कमी असल्यामुळे सामनही काठ धरूनच चढतात आणि म्हणून योग्य काठावरचा मासा घरच्या पाण्याच्या पट्ट्यात आपसूक सापडतो. या पट्ट्यात त्याचे वागणे दोन साध्या नियमांचे असते. ओळखीचा वास येत असेल तोवर प्रवाहाच्या विरुद्ध पोहायचे, आणि वास तुटला की पुढे न जाता आडवे फिरायचे किंवा प्रवाहाबरोबर खाली सरकायचे, म्हणजे वासाचा धागा पुन्हा हाती लागतो. एकाच मुखाच्या नदीसाठी हे दोन नियम पुरेसे आहेत. लाखो वर्षे ते पुरले.

सीटनपाशी हेच नियम माशाला अडकवतात. टेलरेसजवळ आलेल्या माशाला निव्वळ सीटन सरोवराचे पाणी मिळते आणि तेही मोठ्या प्रमाणात. टेलरेसच्या वर गेल्याबरोबर तो वास एकदम फिका पडतो, कारण आता त्याच्या पट्ट्यात फक्त सीटन नदीच्या मुखातून येणारे, कायूश मिसळलेले पाणी उरते. वास फिका झाला म्हणून मासा खाली सरकतो आणि पुन्हा टेलरेसशी येतो. वर जावे तर घराची खूण कमी होते आणि खाली यावे तर वाढते, अशा स्थितीत तो काही तास ते काही दिवस तेथे अडकू शकतो.

आणखी एक बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे, जी या प्रकरणाच्या चर्चेत सहसा मागे राहते. समुद्राकडे जाणारी पिल्ले पाण्याच्या मोठ्या प्रवाहाबरोबर जातात आणि सरोवराचा मोठा प्रवाह कालव्यातून वीजघराकडे जातो. त्यामुळे स्मोल्टांचा मोठा भाग जुन्या नदीपात्रातून न जाता टर्बाइनमधून थेट फ्रेझरमध्ये पडत आला आहे. त्यांपैकी काही त्यात मरतात आणि म्हणून पिल्ले उतरण्याच्या आठवड्यांत रात्री वीजघर बंद ठेवण्याची पद्धत आली, कारण स्मोल्ट मुख्यतः रात्री उतरतात. जी पिल्ले या वाटेने जगून वाचली, त्यांनी कायूशचे पाणी मिसळलेली सीटन नदी कधी हुंगलीच नसणार. त्यांच्या वासांच्या साखळीत सरोवरानंतरची कडी थेट फ्रेझर असणार आणि त्या दोहोंची गाठ टेलरेसशीच पडते. मासा चुकतो असे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. तो ज्या दाराने बाहेर गेला त्याच दारापाशी येतो आणि दार आतून बंद असते.

किती भेसळ चालते

या अडकण्याचा पद्धतशीर अभ्यास मायकेल फ्रेटवेल यांनी आंतरराष्ट्रीय पॅसिफिक सामन मत्स्यव्यवसाय आयोगासाठी केला आणि त्यांचा अहवाल 1989 मध्ये आला. माशांपुढे एका बाजूला निव्वळ सीटनचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला कायूश मिसळलेले पाणी ठेवून त्यांनी निवड पाहिली. कायूशचा हिस्सा थोडा असेल तोवर मासे दोन्ही पाण्यांत फारसा भेद करत नाहीत, पण तो एका मर्यादेपलीकडे गेला की ते निव्वळ पाण्याकडे वळतात. गेट्स क्रीकच्या माशांसाठी ही मर्यादा सुमारे 20 टक्के निघाली. पोर्टेज क्रीकमध्ये अंडी घालणारा आणि शरद ऋतूत चढणारा सॉकायचा दुसरा समूह याहून चोखंदळ निघाला. त्याच्यासाठी मर्यादा सुमारे 10 टक्के होती. एकाच नदीतून जाणाऱ्या एकाच जातीच्या दोन समूहांत एवढा फरक असावा, ही या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद आहे, कारण त्यामुळे एका समूहासाठी ठरवलेला नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

या मर्यादेचा व्यवहारातील अर्थ साध्या हिशेबाने कळतो. समजा, ऑगस्टमध्ये कायूश क्रीकमधून सेकंदाला 5 घनमीटर पाणी येत आहे आणि धरणातून नदीपात्रात सेकंदाला 15 घनमीटर सोडले जात आहे. मुखाशी एकूण 20 घनमीटर होतात आणि त्यात कायूशचा हिस्सा 25 टक्के भरतो, म्हणजे गेट्स क्रीकच्या माशांच्या मर्यादेबाहेर. धरणातून 20 घनमीटर सोडले तर एकूण 25 होतात आणि हिस्सा नेमका 20 टक्क्यांवर येतो. थोडक्यात, धरणातून कायूशच्या किमान चौपट पाणी सोडावे लागते. पोर्टेज क्रीकच्या माशांच्या 10 टक्क्यांसाठी तेच नऊपट होते. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण प्रत्यक्ष व्यवस्थापनातही गणित हेच असते. दोन्ही प्रवाह रोज मोजायचे आणि गुणोत्तर राखायचे. पाऊस पडून कायूश अचानक चढला की आदल्या दिवशी बरोबर असलेले गुणोत्तर दुसऱ्या दिवशी बिघडते.

दुसरा उपाय कायूशचेच पाणी कमी करण्याचा आहे. कायूशचा काही प्रवाह वरच्या बाजूलाच बोगद्यातून सीटन सरोवरात वळवता येतो. मग ते पाणी सरोवरात मिसळते आणि टेलरेस व नदी या दोन्ही तोंडांना सारखेच जाते. यामुळे वास बदलत नाही का, असा प्रश्न येथे पडू शकतो. बदलतो, पण तो दोन्ही तोंडांशी सारखा बदलतो आणि माशाची अडचण वासापेक्षा दोन तोंडांतील फरकाची असते. शिवाय सीटन सरोवराचे पाणी तसेही मूळचे राहिलेले नाही. शेजारच्या ब्रिज नदीचे हिमनदीचे गढूळ पाणी डोंगरातून बोगदे खणून वीजनिर्मितीसाठी या सरोवरात आधीच वळवलेले आहे. त्या मिश्रणात वाढून बाहेर पडलेल्या पिल्लासाठी ते मिश्रण हेच घर असते. मूळचे पाणी कसे होते, हे त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही.

उपाशीपोटी चढण्याचा हिशेब

टेलरेसशी दोनचार दिवस गेले तर बिघडले काय, हे समजण्यासाठी माशाच्या शरीरातील शिल्लक पाहावी लागते. सॉकाय नदीत शिरण्याच्या सुमारास खाणे थांबवतो आणि मरेपर्यंत पुन्हा खात नाही. चढण्याचा खर्च, अंडी किंवा शुक्रद्रव्य तयार करण्याचा खर्च, नराच्या वाकड्या जबड्याचा आणि पाठीवरच्या कुबडाचा खर्च, हे सर्व समुद्रात साठवलेल्या चरबीतून आणि पुढे स्नायूंच्या प्रथिनांतून भागते. नदीत शिरताना शरीराच्या प्रत्येक किलोमागे जेवढी ऊर्जा असते, तिच्या साधारण निम्मीच, म्हणजे सुमारे 4 मेगाज्यूल, उरली की मासा तग धरू शकत नाही. मादीची स्थिती अधिक अवघड असते. तिची अंडी प्रवासातच वाढत असतात आणि तिच्याकडे उधळायला फारसे काही उरत नाही.

त्याच वेळी शरीराला मीठपाण्याचा कारभार उलटा करावा लागतो. समुद्रात कल्ले शरीरातील जादा मीठ बाहेर टाकत होते. गोड्या पाण्यात त्यांना मीठ आत ओढून घ्यावे लागते आणि मूत्रपिंडाला शरीरात शिरणारे पाणी सतत बाहेर काढावे लागते. हा बदल मासा किनाऱ्याजवळ असतानाच सुरू झालेला असतो. तो पुन्हा उलटा करून समुद्रात परतणे या वयात शक्य राहत नाही. म्हणून वाटेत थांबणे म्हणजे विश्रांती नव्हे. प्रत्येक दिवशी साठ्यातून काहीतरी जातेच.

तापमान हा खर्च वाढवते. पाणी गरम झाले की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, पण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. एका तापमानापर्यंत हृदय वेग वाढवून ही गरज पुरवते, त्यापुढे ते पुरे पडत नाही आणि पोहण्यासाठी उरणारी क्षमता झपाट्याने घटते. एरिका एलियासन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले की फ्रेझरमधील वेगवेगळ्या सॉकाय समूहांची ही क्षमता आणि तिला अनुकूल असलेले तापमान सारखे नाही. ज्यांची वाट जितकी कठीण, त्यांचे हृदय तितके सक्षम. अर्थात या सक्षमतेलाही टोक आहे. नदीचे पाणी 18 ते 19 अंश सेल्सिअसच्या वर गेले की फ्रेझरच्या बहुतेक समूहांत मृत्यू वाढू लागतात आणि त्यात माद्या अधिक असतात. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळात फ्रेझरचे उन्हाळी पाणी लक्षणीय तापले आहे आणि गेट्स क्रीकचे मासे चढतात तो ऑगस्टचा काळ नेमका तापलेल्या पाण्याचा असतो.

लिलुएटपर्यंत आलेला मासा हेल्स गेटची चिंचोळी घळई ओलांडून आलेला असतो, हेही विसरता येत नाही. तेथे 1914 साली रेल्वेच्या कामामुळे दरड कोसळून नदी इतकी आवळली गेली की वरच्या खोऱ्यातील सॉकायची वाट जवळपास बंद झाली. 1940 च्या दशकाच्या मध्यात तेथे माशांसाठी काँक्रीटच्या वाटा बांधल्यावर परिस्थिती सुधारू लागली. सीटनच्या प्रकरणातील मासा म्हणजे ही घळई पार केलेला, साठा बराच खर्च झालेला आणि पुढे धरण व दोन सरोवरे अजून बाकी असलेला मासा. त्याला टेलरेससमोर घिरट्या घालायला लावणे त्याला परवडणारे नसते.

घरचे पाणी आणि जोरदार पाणी

सीटन नदीत वळलेल्या माशापुढे शेवटचा अडथळा धरणाचा असतो. ते ओलांडण्यासाठी बाजूला मत्स्यमार्ग आहे. तो काँक्रीटच्या लहान कुंडांचा चढता जिना असून प्रत्येक कुंडाच्या भिंतीत उभी फट ठेवलेली असते. मार्ग स्वतः माशांना फारसा अवघड जात नाही. अवघड असते त्याचे प्रवेशद्वार सापडणे आणि तेथपर्यंत पोहोचणे. धरणातून सोडलेले पाणी या प्रवेशद्वाराच्या शेजारच्या दारातूनच येत असे आणि त्याच्या पायथ्याशी भोवरे व जोरदार प्रवाह तयार होत असे.

येथे या प्रकरणाची खरी गाठ आहे. कायूशचा हिस्सा कमी ठेवण्यासाठी धरणातून अधिक पाणी सोडायला हवे. पण जितके अधिक पाणी सोडावे, तितका धरणाच्या पायथ्याशी प्रवाह कठीण होतो. जे पाणी माशाला वाट सांगते तेच वाट अवघड करते. नदीच्या मुखाशी केलेल्या उपायाची किंमत धरणाच्या पायथ्याशी मोजावी लागते.

निकोलस बर्नेट आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ही किंमत मोजली. माशांना हालचालीतील प्रवेग नोंदवणारे प्रेषक बसवून धरणाच्या खाली सोडले आणि ते पायथ्याचा प्रवाह कसा ओलांडतात ते पाहिले. जोरदार प्रवाहात मासे एकसारख्या संथ गतीने पोहू शकत नाहीत. ते झेपा घेतात. झेप स्नायूंतील ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेवर चालते आणि तिच्यानंतर शरीरावर ऑक्सिजनचे देणे उरते. या माशांपैकी अनेकांनी धरण यशस्वीपणे ओलांडले. म्हणजे मत्स्यमार्गावर बसून मोजणाऱ्याने त्यांना ‘पार झाले’ असेच लिहिले असते. परंतु पायथ्याशी अधिक झेपा घ्याव्या लागलेले मासे पुढे सरोवरांमध्ये, अंडी घालण्याच्या जागी पोहोचण्याआधी, अधिक प्रमाणात मेले आणि त्यात माद्या अधिक होत्या. मृत्यूचे कारण धरणाशी असते, पण मृत्यू कित्येक किलोमीटर पुढे आणि काही दिवसांनी घडतो. पुढचा मागोवा घेतला नसता तर तो धरणाच्या खात्यावर कधीच पडला नसता.

उपाय तुलनेने साधा निघाला. पाण्याचे प्रमाण तेच ठेवून ते मत्स्यमार्गापासून दूरच्या दारातून सोडून पाहिले. मुखाशी कायूशचे गुणोत्तर बदलले नाही, कारण नदीत पडणारे एकूण पाणी तेवढेच होते. प्रवेशद्वारापुढचा प्रवाह मात्र सौम्य झाला आणि अंडी घालण्याच्या ओढ्यापर्यंत पोहोचणाऱ्या माशांचे प्रमाण वाढले. वासासाठी पाण्याचे प्रमाण महत्त्वाचे असते आणि दमछाकीसाठी ते कोठून पडते हे महत्त्वाचे असते. ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी करता आली, एवढाच या उपायाचा मथितार्थ.

धरणानंतर माशाला थोडी उसंत मिळते. सीटन आणि अँडरसन ही खोल सरोवरे आहेत. त्यांच्या पृष्ठभागाखाली थंड पाण्याचे थर असतात आणि प्रेषक लावलेले अनेक मासे त्या थंड थरांत जाऊन राहिलेले दिसले आहेत. थंड पाण्यात शरीराचा खर्च घटतो आणि रोगजंतूंची वाढही मंदावते. पण ही सवलत फ्रेझरमध्ये आधीच झालेले नुकसान भरून काढत नाही. टेलरेसशी आणि तापलेल्या नदीत ज्याचा साठा संपत आला आहे, तो मासा थंड पाण्यात सावकाश मरतो, इतकाच फरक पडतो.

म्हणून येथे यश मोजताना मत्स्यमार्गावरील गणती पुरेशी धरत नाहीत. मासे गेट्स क्रीकपर्यंत पोहोचले की तेथील मेलेल्या माद्या गोळा करून त्यांचे पोट कापून पाहिले जाते. पोट जवळपास रिकामे असेल तर तिने अंडी घातली. पोटात बहुतेक अंडी तशीच असतील तर ती ओढ्यात पोहोचली, पण प्रजननापूर्वी मेली. एका मादीच्या पोटात तीनएक हजार अंडी असू शकतात, त्यामुळे अशा प्रत्येक मादीबरोबर हिशेबातून बरेच काही वजा होते. उष्ण उन्हाळ्यानंतर अशा माद्यांचे प्रमाण वाढते आणि ते धरणाची दारे कशीही उघडली तरी पूर्णपणे टळत नाही, कारण फ्रेझरच्या पाण्याच्या तापमानावर सीटन धरणाचे काहीच नियंत्रण नाही. पोर्टेज क्रीकचा शरद ऋतूतील समूह या उष्णतेतून सुटतो. त्याच्यासाठी नियंत्रकांना पुन्हा गुणोत्तराकडेच लक्ष द्यावे लागते आणि तेव्हा मर्यादा 20 टक्क्यांची नसून 10 टक्क्यांची असते.